मुदत ठरवण्याआधी गाडी रोज किती धावणार ते विचारा

प्रति,
महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि दुचाकी कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांच्या कर्ज समित्यांचे सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

मी नाशिकमध्ये जुन्या दुचाकींची खरेदी-विक्री करतो. आपण कर्ज दिलेली गाडी हप्ते फेडून झाल्यावर विकायला येते तेव्हा ती माझ्यासारख्याकडे येते, आणि हप्ते थकल्यावर आपण उचलून आणलेली गाडी लिलावात निघते तेव्हाही तिच्यावर बोली लावणारे आम्हीच असतो. त्यामुळे आपल्या कर्जाचा शेवट आम्हाला जवळून दिसतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बाबतीत तो शेवट बिघडतो आहे, आणि त्याचं मूळ आपल्या मंजुरीच्या कागदावरच्या एका रकान्यात आहे. तो रकाना मुदतीचा.

आज शोरूममध्ये इलेक्ट्रिक स्कूटरला ६० महिन्यांपर्यंत कर्ज मिळतं. मुदत कशावरून ठरते? ग्राहकाला महिन्याला किती हप्ता झेपेल यावरून. ज्याची पगाराची स्लिप भक्कम, तो ३६ महिने घेतो. ज्याची मिळकत कमी आणि सिबिलमध्ये फारसा इतिहास नाही, त्याच्या हप्त्याचा आकडा खाली आणण्यासाठी मुदत ६० वर नेली जाते. पेट्रोल गाडीला ही पद्धत फारशी बाधत नव्हती. इलेक्ट्रिक गाडीला ती नेमकी उलटी पडते, कारण ज्यांना आपण सर्वांत लांब मुदत देता त्यांच्यातच दिवसभर गाडी पळवणारे लोक जास्त आहेत.

पेट्रोल स्कूटर पाच वर्षांची झाली तरी तिची किंमत हळूहळू उतरत आलेली असते. इंजिनाचं काम निघालं तर आठ-दहा हजारांत गाडी पुन्हा रस्त्यावर येते. म्हणून मी तेवढे पैसे वजा करून बिनधास्त भाव सांगतो. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये तसं नाही. तीन किलोवॉट-तासाच्या आसपासचा बॅटरी पॅक नवीन घ्यायचा तर आज साधारण ५० ते ७० हजार रुपये लागतात. संपूर्ण गाडी घेताना जीएसटी ५ टक्के असतो, पण पॅक सुटा घेतला की १८ टक्के. म्हणजे गाडीची जवळजवळ निम्मी किंमत एकाच भागात आहे. तो भाग वॉरंटीत असेल तोवर गाडीला भाव असतो, आणि वॉरंटी संपते त्या दिवशी भाव एकदम पायरी उतरतो. पॅक तेव्हा चांगला चालत असला तरीही उतरतो, कारण पुढच्या बिघाडाचा बोजा आता घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो आणि तो बोजा तो आधीच किमतीतून कापून घेतो.

म्हणून माझ्या दुकानात इलेक्ट्रिक गाडी आली की मी मॉडेलचं वर्ष नंतर बघतो. आधी बघतो ते वॉरंटी किती उरली आहे. आणि इथेच आपल्या फाइलमधली चूक सुरू होते. बॅटरीची वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर अशा दोन्ही मापांत असते, जे आधी पूर्ण होईल ते लागू. बाजारातल्या कित्येक गाड्यांना मुळात ३ वर्षं किंवा ५० हजार किलोमीटर अशी वॉरंटी मिळाली आहे. वर पैसे भरून किंवा काही कंपन्यांच्या योजनेत ती ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंत जाते. आपला कर्ज अधिकारी '८ वर्षं' हे शब्द वाचतो, '५ वर्षांचं कर्ज, म्हणजे सुरक्षित' असं मानतो आणि सही करतो. किलोमीटरचा आकडा तो वाचतच नाही, कारण अर्जात रोजच्या धावण्याची जागाच नसते.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत, पण आपल्या रोजच्या फाइलींपेक्षा वेगळे नाहीत. गाडीची ऑन-रोड किंमत १ लाख ३५ हजार. १५ हजार डाउन पेमेंट, १ लाख २० हजार कर्ज, घटत्या शिलकीवर १४ टक्के व्याज, मुदत ६० महिने. हप्ता येतो साधारण २,७९२ रुपये. वॉरंटी ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर. हेच कर्ज, याच दिवशी, दोघांना मिळालं.

पहिला जेवणाच्या डिलिव्हरीचं काम करणारा तरुण. रोज १०० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे २,६०० किलोमीटर. दुसऱ्या, पंचवटीतून शाळेत जाणाऱ्या शिक्षिका. बाजारहाट धरून महिन्याला ३५० किलोमीटर.

तरुणाचे ८० हजार किलोमीटर ३१व्या महिन्यात पूर्ण होतात. त्या दिवशी आपल्या खात्यात त्याच्याकडून येणं असतं सुमारे ६८ हजार ३०० रुपये. त्या दिवशी ती गाडी माझ्याकडे आली तर मी काय देईन? पॅकमध्ये अजून जीव आहे, पण वॉरंटी नाही, आणि मीटरवर ८० हजारांचा आकडा आहे. पुढचा ग्राहक मला विचारणार, 'बॅटरी गेली तर?' मी २५ हजारांच्या वर जाणार नाही. फार घासाघीस झाली तर २७. म्हणजे गाडी विकून कर्ज फेडायचं ठरवलं तर त्याला खिशातून ४० हजार घालावे लागतील. एवढे पैसे त्याच्याकडे असते तर त्याने एवढी लांब मुदत घेतलीच नसती. बोजा उतरल्याशिवाय आरसी नव्या मालकाच्या नावावर होत नाही आणि आपण एनओसी देणार नाही. म्हणून गाडी त्याच्याच गळ्यात राहते.

आता शिक्षिकांची गाडी. तोच ३१वा महिना, येणं तेच ६८ हजार ३००. मीटरवर ११ हजार किलोमीटरही नाहीत. वॉरंटीची पाच वर्षं आणि ६९ हजार किलोमीटर शिल्लक. नव्या गाड्यांच्या किमती फार घसरल्या नसतील तर मी ६० ते ६५ हजार देईन, आणि ती गाडी माझ्याकडे आठवडाभरही राहणार नाही. तारण म्हणून ही गाडी आणि ती गाडी यांत पस्तीस-चाळीस हजारांचा फरक आहे. आपल्या फाइलमध्ये मात्र दोन्ही एकसारख्या दिसतात. उलट प्रत्यक्षात अशा पगारदार शिक्षिकांना व्याजदर कदाचित कमीच लागतो आणि मुदतही त्या स्वतःहून कमी मागतात.

बॅटरी नेमकी कशाने म्हातारी होते तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून वर्षं आणि किलोमीटर यांतला फरक कळतो. दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. एक वापराचं. शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज होऊन पुन्हा रिकामी झाली की एक पूर्ण सायकल. आपल्याकडच्या बऱ्याच स्कूटरमध्ये एनएमसी प्रकारच्या सेल असतात आणि त्या साधारण ८०० ते १,५०० सायकलींत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतात. एलएफपी सेल जास्त सोसतात, दोन हजार आणि त्याहून पुढे, पण त्या तेवढ्याच क्षमतेला वजनाने जड पडतात. एका चार्जमध्ये प्रत्यक्षात ९० किलोमीटर जाणारी गाडी रोज १०० किलोमीटर पळवली तर दिवसाला एकापेक्षा थोडी जास्त सायकल होते, वर्षाला साडेतीनशेच्या घरात. पाच वर्षांत सतराशेवर. दुसरं घड्याळ वयाचं आणि उष्णतेचं. गाडी उभी असली तरी ते चालतं, आणि मे महिन्यात नागपूर-जळगावच्या उन्हात शंभर टक्के चार्ज करून उभी ठेवलेली गाडी असेल तर ते जास्त वेगाने चालतं. शिक्षिकांच्या गाडीला मुख्यतः हे दुसरं घड्याळ लागू आहे, म्हणून तिच्यासाठी वर्षं मोजणं बरोबर आहे. तरुणाच्या गाडीला पहिलं घड्याळ आधी गाठतं.

क्षमता ८० टक्क्यांवर आली म्हणजे गाडी बंद पडत नाही. ९० किलोमीटरऐवजी ७०-७२ जाते. शाळेत जाणाऱ्या माणसाला हे जाणवतही नाही. डिलिव्हरीवाल्याला मात्र संध्याकाळच्या गर्दीआधी तास-दीड तास चार्जिंगला थांबावं लागतं, आणि त्याच्या कमाईचे सर्वांत चांगले तास तेच असतात. त्याची मिळकत घटते ती कर्जाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, जेव्हा आपल्याला वाटतं की आता हा खातेदार मुरला, जोखीम संपली.

आपण म्हणाल की त्याला ३६ महिन्यांचा हप्ता झेपणारच नाही, म्हणून तर ६० दिले. कृपया हा हिशोब एकदा त्याच्या पेट्रोलसकट करा. २,६०० किलोमीटरला ४५ च्या सरासरीने ५८ लिटर पेट्रोल लागतं, १०४ रुपयांनी सुमारे सहा हजार. तेवढंच अंतर इलेक्ट्रिकवर जायला चार्जरमधली गळती धरून ९० युनिट, आणि १२ रुपये दर धरला तरी ११०० रुपये. महिन्याला ४,९०० रुपये वाचतात. ३६ महिन्यांचा हप्ता आहे ४,१०१. अगदी ३० महिन्यांचा घेतला तरी ४,७६४. म्हणजे काल पेट्रोलपंपावर जाणारे पैसेच आज पूर्ण हप्ता भरतात. व्याज ६० महिन्यांत ४७ हजार ५०० जातं, ३६ महिन्यांत २७ हजार ६००. वीस हजार रुपये त्याच्या घरात राहतात, आणि तिसऱ्या वर्षानंतर पूर्ण बचत त्याची.

शिक्षिकांचं उलट आहे. महिन्याला ३५० किलोमीटरवर त्यांची बचत जेमतेम साडेसहाशे रुपये. त्यांना गाडी इंधनाच्या बचतीतून फेडता येणार नाही, लांब मुदत खरी त्यांना हवी, आणि त्यांची बॅटरी ती मुदत सहज पार करते. जास्त धावणाऱ्या गाडीची बॅटरी लवकर झिजते, पण तीच गाडी पैसेही लवकर वाचवते. हे दोन्ही एकाच आकड्यातून, महिन्याच्या किलोमीटरमधून येतात. तो एक आकडा अर्जात विचारला तर मुदतीचा प्रश्न बराचसा सुटतो.

रोज काम न मिळणारे, पावसाळ्यात दोन महिने घसरणारे, वर्षभरात काम सोडून गावी जाणारे तरुण आहेत याची मला जाणीव आहे. त्यांच्यासाठी पावसाळ्यात हप्ता कमी आणि दिवाळीच्या हंगामात जास्त अशी रचना करा, डाउन पेमेंट थोडं जास्त घ्या. मुदत ताणणं हा त्यावरचा उपाय नाही. कमी हप्त्याने त्याला आज बरं वाटतं आणि वॉरंटी संपली की तो अडकतो.

मुदत ६० वर कशी गेली हेही लक्षात घ्यायला हवं. १ जून २०२३ पर्यंत फेम-२ योजनेत किलोवॉट-तासाला १५ हजार रुपये आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत अनुदान होतं. त्या दिवसापासून ते १० हजार आणि १५ टक्क्यांवर आलं. शोरूममधल्या किमती एकदम वाढल्या आणि त्याच सुमारास ६० महिन्यांची मुदत आणि शंभर टक्के ऑन-रोड कर्ज अशा योजना पुढे आल्या. बॅटरी जास्त टिकायला लागली म्हणून मुदत वाढली नव्हती. अनुदान घटल्याने हप्ता वाढला असता, तो झाकण्यासाठी मुदत वाढली. मार्च २०२४ ला फेम-२ संपली, नंतरच्या योजनेत गाडीमागे जास्तीत जास्त १० हजार, आणि पीएम ई-ड्राइव्हच्या दुसऱ्या वर्षात ५ हजार. पण २०२४ पासून कंपन्यांच्या आपसांतल्या चुरशीमुळे आणि सेल स्वस्त झाल्यामुळे नव्या गाड्यांच्या किमती खालीही आल्या. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर महागात गाडी घेऊन ६० महिन्यांचं कर्ज काढलेल्या माणसाला दोन्हीकडून फटका बसला. वर्षभरात तशीच नवी गाडी कितीतरी स्वस्त मिळू लागली, मग त्याच्या जुन्या गाडीला मी जुना भाव कुठून देणार? सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यानेही जुन्या इलेक्ट्रिक गाडीकडे वळणारा ग्राहक थोडा मागे गेला. या गोष्टी आपल्या हातात नाहीत, पण लांब मुदतीच्या काळात अशा दोन-तीन गोष्टी घडणार हे गृहीत धरून चालावं लागेल.

तारणाची किंमत काढताना आपण बहुधा विम्याचा आयडीव्ही बघता. त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. पेट्रोल असो की इलेक्ट्रिक, तक्ता एकच, आणि त्यात किलोमीटरला जागा नाही. वरच्या तरुणाच्या गाडीचा आयडीव्ही ३१व्या महिन्यात कागदावर ७५-८० हजारांच्या पुढे दिसेल. गाडी चोरीला गेली तर तो आकडा उपयोगी. लिलावात मात्र कोणी तो आकडा बघत नाही. आपल्या वसुली विभागाने आयडीव्हीवर भरवसा ठेवून राखीव किंमत लावली की गाडी दोन-तीन लिलावांत तशीच पडून राहते, आणि पडून राहण्याने काय होतं ते पुढे सांगतो.

आता मागणी. मी एकच नियम सुचवतो, तो तीन ओळींत बसतो आणि त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. अर्जदाराला महिन्याचे किलोमीटर विचारा. जुनी गाडी असेल तर तिच्या सर्व्हिस बिलांवरून ते पडताळा, डिलिव्हरीचं काम असेल तर त्याच्या ॲपवरून पडताळता येतात. वॉरंटीचे किलोमीटर त्या आकड्याने भागा आणि वॉरंटीची वर्षं महिन्यांत मांडा. दोन्हींतला लहान आकडा म्हणजे वॉरंटी संपण्याचा महिना. त्या महिन्यात कर्जाची शिल्लक ऑन-रोड किमतीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त राहणार नाही अशीच मुदत द्या. पाचवा हिस्सा यासाठी की वॉरंटी नसलेल्या, पण चालणाऱ्या गाडीला आमच्यासारखे साधारण तेवढे पैसे देतात.

वरच्या उदाहरणात पाचवा हिस्सा २७ हजार. तरुणाला ३६ महिने दिले तर ३१व्या महिन्यात शिल्लक २० हजारांच्या आत, म्हणजे चालेल. ४८ दिले तर शिल्लक ५० हजार, चालणार नाही. शिक्षिकांचं ६० महिन्यांचं कर्ज वॉरंटीच्या आधीच संपतं, काही अडचण नाही. पण गाडीला फक्त ३ वर्षं किंवा ५० हजार किलोमीटरची वॉरंटी असेल तर चित्र बदलतं. तरुणाची वॉरंटी एकोणिसाव्या-विसाव्या महिन्यातच संपते आणि ३६ महिन्यांचं कर्जही नियमात बसत नाही. शिक्षिकांच्या ६० महिन्यांच्या कर्जात तीन वर्षांनी ५८ हजार शिल्लक राहतात, तेही बसत नाही. त्यांना ४४ महिन्यांपर्यंतच जाता येईल. अशा वेळी वाढीव वॉरंटी घ्यायला लावा आणि तिचे काही हजार रुपये कर्जातच धरा. हेल्मेट, सीट कव्हर, ॲक्सेसरी यांचे पैसे कर्जात धरले जातात, मग वॉरंटीचे का नकोत? तिची पावती फाइलला लावा आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावे होते की नाही हे आधीच वाचून घ्या. काही योजनांत कंपनीकडे नोंद केल्याशिवाय ती पुढे जात नाही, आणि मग गाडी विकताना वॉरंटी असून नसल्यासारखी.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात व्याजाचा खरा वार्षिक दर आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतंच. त्याच कागदासोबत एक ओळ स्वतःहून द्या: 'आपण सांगितलेल्या वापरानुसार बॅटरीची वॉरंटी अमुक महिन्यात संपेल, तेव्हा कर्जाची शिल्लक इतकी असेल.' एवढं मराठीत वाचायला मिळालं तर बरेच ग्राहक स्वतःच मुदत कमी करून मागतील. आणि मध्येच कर्ज फेडणाऱ्याला दंड लावू नका. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांना ते शुल्क लावू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण दुचाकीची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, म्हणून इथे आपल्या मनाचा मोठेपणा लागेल.

पतसंस्थांसाठी दोन वाक्यं वेगळी. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही, म्हणजे आरसीच नाही आणि त्यावर बोजाही चढवता येत नाही. त्यांत अजूनही लेड-ॲसिड बॅटऱ्या येतात, ज्या वर्ष-दीड वर्षात उतरतात; त्यांना दोन-तीन वर्षांचं कर्ज देऊ नका.

जुन्या इलेक्ट्रिक गाडीला आपण कर्ज देत नाही, ही तक्रारही मांडायला हवी. माझ्याकडे येणारा ग्राहक रोख पैसे घेऊन येतो, म्हणून तो कमी देतो, म्हणून भाव पडतो, आणि पडलेला भाव बघून आपण आणखी घाबरता. बॅटरीची तब्येत कळत नाही हे आपलं कारण मला मान्य आहे. पण ती कळू शकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पॅकची शिल्लक क्षमता आणि सेलमधल्या व्होल्टेजचा फरक यांचा अहवाल मिळत असेल तर तो मागा. नसेल तर आम्ही करतो ते करा. गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवा, भिंतीच्या सॉकेटला साधा युनिट मोजणारा मीटर लावा आणि पूर्ण चार्ज करा. नवीन असताना ३ युनिट घेणारी गाडी आता २.४ घेत असेल तर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास आली. मग ठरलेल्या रस्त्यावर, एकाच वेगाने ती २० टक्क्यांपर्यंत चालवा. शेवटचे ३०-४० टक्के भराभर पडत असतील, किंवा चढावर मध्येच आकडा एकदम उडी मारत असेल, तर एखादी सेल कमजोर आहे असं समजा. नव्या गाडीचा हा युनिटचा आकडा कर्ज देतानाच फाइलमध्ये नोंदवून ठेवला तर पुढे तुलना सोपी होईल. पॅकचा अनुक्रमांकही तेव्हाच लिहून घ्या. आरसीवर चॅसिस आणि मोटरचा क्रमांक असतो, पॅकचा नसतो. उचलून आणलेल्या गाडीत मूळचाच पॅक आहे की कुठला तरी मेलेला पॅक बसवून दिला आहे, हे नाहीतर आपल्याला कळणार नाही.

शेवटची मागणी आपल्या यार्डांबद्दल आहे आणि ती उद्यापासून पूर्ण करता येईल. उचललेली पेट्रोल गाडी सहा महिने यार्डात राहिली तरी बॅटरी आणि प्लगवर सुरू होते. इलेक्ट्रिक गाडी उभी असतानाही तिची नियंत्रण यंत्रणा थोडी थोडी वीज पीत असते. हप्ते थकलेला माणूस गाडी चार्ज करून देत नाही, ती १०-१५ टक्क्यांवरच येते. दोन-तीन महिन्यांत सेल इतक्या खाली जातात की पॅक स्वतःला बंद करून घेतो आणि मग चार्जरही घेत नाही. ५०-६० हजारांचा भाग आपल्याच कुंपणात मरतो. लिलावात अशा गाड्यांना मी भंगाराच्या थोडा वरचा भाव लावतो, आणि उरलेली रक्कम आपण त्या कर्जदाराच्या नावावर काढता. गाडी ताब्यात घेताना चार्जर मागून घ्या, पावतीवर बॅटरीची टक्केवारी आणि मीटरचं रीडिंग लिहा, ५०-६० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, सावलीत उभी करा आणि महिन्यातून एकदा तपासा. यार्डाच्या करारात एवढी पाच कामं लिहा. एका चार्जला ३०-४० रुपयांपेक्षा जास्त वीज लागत नाही.

आपला नम्र,
जुन्या दुचाकींचा एक व्यापारी, नाशिक